मुंबईच्या पावसाचा कल: एक्सेलमधली ती चढती रेघ कितपत खरी?

प्रश्न: माझ्याकडे कुलाबा आणि सांताक्रूझ, दोन्ही वेधशाळांचे रोजच्या पावसाचे कित्येक दशकांचे आकडे एक्सेलमध्ये आहेत. दर वर्षाची बेरीज केली, सरासरी काढली, आलेखावर ट्रेंडलाइन टाकली. ती वर चढतेय. म्हणजे मुंबईचा पाऊस वाढतोय असं म्हणता येईल का? आणि ‘वेगळी’ वर्षं नेमकी कशी शोधायची?

उत्तर:

नुसत्या त्या रेघेवरून नाही म्हणता येणार. का, ते तुमच्याच फाइलमध्ये पाच मिनिटांत दिसेल.

सांताक्रूझचा वार्षिक तक्ता घ्या आणि त्याची एक प्रत करा. प्रतीत २००५ च्या बेरजेतून ९४४.२ मिमी वजा करा. २६ जुलैचा तो एक दिवस काढून टाकायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. आता दोन्ही तक्त्यांवर `SLOPE` चालवा. आधी १९७६ ते २००५ या तीस वर्षांवर, मग १९९१ ते २०२० या तीस वर्षांवर.

पहिल्या जोडीत मूळ तक्त्याचा उतार प्रतीपेक्षा दर वर्षी सुमारे ६ मिमीने जास्त येईल, म्हणजे दशकाला ६१ मिमी. दुसऱ्या जोडीत फरक दर वर्षी ०.२ मिमीचा, तोही उलट्या दिशेने. तुमचे बाकीचे आकडे काहीही असोत, हे फरक एवढेच येणार, कारण ते फक्त एका गोष्टीवर ठरतात: ते वर्ष कालखंडात कुठे बसलंय. १९९१–२०२० मध्ये २००५ बरोबर मध्यावर येतं, त्यामुळे रेघ कलत नाही, फक्त थोडी वर उचलली जाते. १९७६–२००५ मध्ये ते शेवटच्या टोकाला आहे, त्यामुळे टोक वर खेचलं जातं. आणि २००५ पासून सुरुवात करून २०२४ पर्यंत आलात, तर तोच एक दिवस रेघेला दर वर्षी साडेतेरा मिमीने खाली ढकलतो. त्या एकाच दिवसाच्या जोरावर ‘पाऊस वाढतोय’ही सिद्ध करता येतं आणि ‘पाऊस कमी होतोय’ही, फक्त सुरुवातीचं वर्ष सोयीचं निवडायचं. दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निम्मे आलेख असेच बनलेले असतात.

म्हणून कलाकडे जायच्या आधी दोन कामं करायची: आकडे तपासायचे, आणि वर्ष ‘वेगळं’ म्हणजे कशाच्या बाबतीत वेगळं हे ठरवायचं.

आधी फाइल तपासा

हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बारा वाजता संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा २६ च्या साडेआठपासूनचा असतो, आणि तो २७ तारखेपुढे लिहिला जातो. लोकांच्या आठवणीतला २६ जुलैचा पाऊस त्यामुळे खात्याच्या मूळ पद्धतीच्या फाइलमध्ये २७ तारखेला सापडतो. काही जण फाइल तयार करताना तारीख एक दिवस मागे सरकवतात. तुमच्या फाइलमध्ये कुठली पद्धत आहे हे ओळखायचं असेल तर ९४४.२ शोधा आणि तो कुठल्या तारखेसमोर आहे ते बघा. कुलाब्याचा आणि सांताक्रूझचा तक्ता दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळाला असेल, तर दोन्हींसाठी हे करायचं, कुलाब्याच्या तक्त्यात मात्र ९४४.२ ऐवजी ५ जुलै १९७४ चा ५७५.६ शोधायचा. एका फाइलमध्ये तारीख सरकवलेली आणि दुसरीत नाही, असं असेल तर ‘त्याच दिवशी कुलाब्यात किती’ या प्रश्नाचं उत्तर चुकेल, आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही.

दुसरी अडचण खास कुलाब्याच्या आकड्यांची. तिथल्या नोंदी एकोणिसाव्या शतकात जातात, आणि एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. ती तो मजकूर म्हणून ठेवतो. खूण अशी की १९०० नंतरच्या तारखा रकान्यात उजवीकडे टेकलेल्या दिसतात आणि आधीच्या डावीकडे. सॉर्ट केलंत की या डावीकडच्या तारखा खाली जाऊन बसतात, आणि १८९० चं वर्ष २०२० च्या नंतर येतं. `YEAR` लावलंत तर एररच मिळेल. यावरचा सरळ उपाय म्हणजे तारखेचा रकानाच ठेवायचा नाही. वर्ष, महिना आणि दिवस असे तीन साध्या आकड्यांचे रकाने ठेवा. पावसाच्या कामाला तेवढं पुरतं.

जुने तक्ते बहुतेक वेळा आडवे असतात: एका ओळीत एक महिना आणि १ ते ३१ असे रकाने. ते उभे करून घ्या. एक्सेलच्या Power Query मध्ये वर्ष आणि महिना हे रकाने निवडून Unpivot Other Columns केलं की काम होतं. शेवटी Data नावाच्या शीटमध्ये पाच रकाने राहू द्या: A मध्ये केंद्र, B वर्ष, C महिना, D दिवस, E पाऊस मिमीत. ही शीट एकदा तयार झाली की तिला कुलूप लावा, म्हणजे Protect Sheet करा, आणि पुढचं सगळं दुसऱ्या शीटवर करा.

आता रिकाम्या जागा. पाऊस पडला नाही म्हणजे ०, आणि नोंद नाही म्हणजे रिकामी जागा किंवा -999. एक्सेलची बेरीज या दोन्हींना सारखं वागवत नाही. रिकामी जागा गुपचूप सोडली जाते, आणि जुलैतला प्रत्येक सुटलेला दिवस सांताक्रूझच्या हंगामातून सरासरी पंचवीस-तीस मिमी कमी करतो. -999 तर थेट बेरजेत मिसळतो आणि एका फटक्यात हजारभर मिमी खातो. एखादं वर्ष अचानक दुष्काळी दिसलं तर पहिला संशय याचाच घ्यायचा. कुठे कुठे अत्यल्प पावसासाठी TR असं लिहिलेलं असतं. त्याला ० धरायला हरकत नाही, बेरजेवर काही परिणाम होत नाही.

जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. म्हणून प्रत्येक वर्षाच्या बेरजेशेजारी दिवसांची मोजणीही ठेवा. Years नावाच्या नव्या शीटमध्ये A2 पासून खाली वर्षं लिहा, आणि त्यापुढे ही दोन सूत्रं:

```
=SUMIFS(Data!$E:$E,Data!$A:$A,"Santacruz",Data!$B:$B,$A2,Data!$C:$C,">=6",Data!$C:$C,"<=9",Data!$E:$E,">=0")

=COUNTIFS(Data!$A:$A,"Santacruz",Data!$B:$B,$A2,Data!$C:$C,">=6",Data!$C:$C,"<=9",Data!$E:$E,">=0")
```

शेवटची `">=0"` ची अट -999 ला आणि TR सारख्या मजकुराला दोन्ही ठिकाणी बाहेर ठेवते (TR चे आधी ० करून घ्या, नाहीतर ते दिवस मोजणीतून गळतील). दुसऱ्या सूत्रातून १२२ आले तर वर्ष पूर्ण. १२० आले तर कुठले दोन दिवस नाहीत ते बघा. सप्टेंबरच्या शेवटी असतील तर फार बिघडत नाही. जुलैत असतील आणि त्या दिवशी दुसऱ्या वेधशाळेत दीडशे मिमी पडलेला असेल, तर ते वर्ष कलाच्या गणितातून सरळ वगळा. शेजारच्या केंद्राचा आकडा तिथे भरू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

एककाचंही एकदा बघून घ्या. मेट्रिक पद्धत येण्याआधीच्या नोंदी इंचांत आहेत. कुलाब्याचा एखादा हंगाम ८० किंवा ८५ असा दिसला तर तो इंचांतला आहे. २५.४ ने गुणलं की दोन हजारांच्या घरात येतो, आणि तेच त्याचं खरं माप.

दोन केंद्रं म्हणजे दोन मालिका

‘मुंबईचा पाऊस’ असा एकच रकाना करायचा मोह सगळ्यांना होतो. कुलाब्याची नोंद जुनी, सांताक्रूझची नंतरची, मग आधी कुलाबा आणि पुढे सांताक्रूझ जोडून लांबलचक मालिका करावी असं वाटतं. तसं करू नका. जून ते सप्टेंबरची १९९१–२०२० ची सरासरी कुलाब्याला साधारण २,०९० मिमी आहे आणि सांताक्रूझला २,३२० च्या आसपास. म्हणजे जिथे सांधा येईल तिथे आपोआप सव्वादोनशे मिमीची पायरी चढेल, आणि ट्रेंडलाइन तिलाच वाढ समजेल. पाऊस तेवढाच, फक्त पर्जन्यमापक उपनगरात गेला.

दोन्हींची सरासरी काढणंही तितकंच फसवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४.२ मिमी पडला तेव्हा कुलाब्यात ७३ मिमीच्या आसपास होता. विहार तलावाजवळ तर हजाराच्या वर. दक्षिण मुंबईत त्या दिवशी जे होतं ते जुलैत एरवीही होतं, आणि उपनगरं पाण्याखाली होती. या दोन आकड्यांची सरासरी पाचशेच्या पुढे जाते. तेवढा पाऊस त्या दिवशी ना कुलाब्याच्या मापात पडला, ना सांताक्रूझच्या.

शेजारच्या केंद्राच्या आकड्याने भोकं बुजवायची नाहीत ती याच कारणाने. पण शेजारचं केंद्र दुसऱ्या एका कामाला फार उपयोगी पडतं. दोन्हींच्या वार्षिक बेरजा जुळत्या वर्षांसाठी घ्या, प्रत्येकाची चढती बेरीज करत जा, आणि कुलाब्याची आडव्या अक्षावर, सांताक्रूझची उभ्या अक्षावर घालून Scatter आलेख काढा. दोन्ही मापकं ठीक असतील तर ठिपके जवळपास एका सरळ रेषेत जातात. एखाद्या वर्षापासून रेषेचा उतार बदलून तसाच राहिला, तर कुठल्या तरी केंद्रावर काही बदललंय: मापकाची जागा, आजूबाजूची उंच बांधकामं, उपकरण, किंवा तुमच्या फाइलचा स्रोत. २००५ ला तिथे एक उडी दिसेल, पण उडीनंतर रेषा पुन्हा जुन्याच उताराने जाते. वेगळं वर्ष आणि बिघडलेलं केंद्र यांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो.

वेगळं वर्ष कशाच्या बाबतीत?

सरासरी आणि प्रमाण विचलन काढून दोन विचलनांपलीकडची वर्षं रंगवायची, ही पाठ्यपुस्तकातली पद्धत. ती वाईट नाही, पण ती एकच प्रश्न विचारते: हंगामाची बेरीज मोठी होती का? मुंबईकराच्या दृष्टीने वर्ष वेगळं ठरतं ते बऱ्याचदा बेरजेमुळे नाही.

२००५ आणि २०१९ शेजारी ठेवून बघा. २०१९ ला सांताक्रूझच्या चार महिन्यांची बेरीज साडेतीन हजार मिमीच्या वर गेली, सरासरीच्या दीडपटीहून जास्त. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा दिवस २ जुलैला नोंदला गेला, ३७५.२ मिमी. एरवी प्रचंड वाटेल असा हा आकडा त्या हंगामाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा आहे. म्हणजे ते वर्ष जोराच्या अनेक दिवसांनी मोठं झालं. २००५ ला एका दिवसात जे पडलं ते सांताक्रूझच्या सरासरी हंगामाच्या ४० टक्के होतं. दोन्ही वर्षं मोठी, पण जात वेगळी. नुसत्या बेरजेच्या रकान्यात हा फरक पुसला जातो.

म्हणून Years शीटमध्ये बेरजेशेजारी आणखी तीन रकाने करा. पहिला, वर्षातला सर्वात मोठा दिवस. दुसरा, त्या दिवसाचा हंगामातला वाटा टक्क्यांत. तिसरा, अति जोरदार पावसाचे दिवस. इथे स्वतःच्या मनाने शंभर मिमी वगैरे मर्यादा धरू नका, हवामान खात्याच्याच वापरा, म्हणजे तुमचे आकडे इतरांशी जुळतील. २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. सूत्रं अशी:

```
=MAXIFS(Data!$E:$E,Data!$A:$A,"Santacruz",Data!$B:$B,$A2,Data!$C:$C,">=6",Data!$C:$C,"<=9")

=COUNTIFS(Data!$A:$A,"Santacruz",Data!$B:$B,$A2,Data!$C:$C,">=6",Data!$C:$C,"<=9",Data!$E:$E,">=115.6")
```

मग प्रत्येक रकान्याला `RANK.EQ` लावा. बेरजेत वरची पाच, मोठ्या दिवसात वरची पाच, दिवसांच्या मोजणीत वरची पाच. या तीन याद्या तुम्हाला सारख्या दिसणार नाहीत, आणि वेगळी वर्षं शोधण्यातली खरी मजा तिथेच आहे. तिन्ही याद्यांत येणारं वर्ष खरोखरच असाधारण. फक्त दुसऱ्या यादीत येणारं वर्ष म्हणजे एका दिवसाची गोष्ट. आणि कुलाब्यासाठी हेच केलंत तर २००५ मोठ्या दिवसाच्या यादीच्या जवळपासही फिरकणार नाही. तिथे १९७४ दिसेल, ५ जुलैच्या ५७५.६ मिमीसाठी.

कोरड्या बाजूला मोठा दिवस कामाचा नाही. तिथे बेरजेची टक्केवारी बघायची. खात्याच्या वर्गवारीत सरासरीच्या १९ टक्के इकडेतिकडे असेल तर सामान्य, २० ते ५९ टक्के कमी असेल तर तूट, त्याहूनही कमी असेल तर मोठी तूट. सरासरीसाठी १९९१–२०२० हा पाया एकदाच ठरवा आणि एका कोपऱ्यातल्या सेलमध्ये लिहून ठेवा. सगळ्या उपलब्ध वर्षांची सरासरी पाया म्हणून घेतलीत तर पुढच्या वर्षी एक ओळ वाढवताच सगळ्या टक्केवाऱ्या थोड्या थोड्या हलतील, आणि गेल्या वर्षी दिलेला आकडा यंदाच्या फाइलशी जुळणार नाही.

हंगामाच्या कडांकडेही लक्ष असू द्या. २०२५ ला मुंबईत मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला, आणि कुलाब्याचा १९१८ पासूनचा मे महिन्याचा विक्रम मोडला. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळाने सांताक्रूझला एका दिवसात २३० मिमी दिला. २०१९ ला मान्सून शहरातून गेला तो ऑक्टोबरच्या मध्याला. जून ते सप्टेंबरच्या बेरजेत यातलं काहीच येत नाही. म्हणून पूर्ण वर्षाची बेरीज हाही एक रकाना ठेवा, आणि दोन्हींतला फरक नेहमीपेक्षा मोठा असलेली वर्षं वेगळी नोंदवा.

आता कल

ट्रेंडलाइन टाकायच्या आधी एक प्रयोग करा. रिकाम्या शीटमध्ये साठ ओळींत हे सूत्र ओढा:

```
=NORM.INV(RAND(),2300,500)
```

सरासरी २,३०० आणि प्रमाण विचलन ५०० असलेली ही साठ ‘वर्षं’ आहेत, आणि त्यांत कल मुळीच नाही. त्यांचा आलेख काढा, ट्रेंडलाइन टाका, आणि F9 दाबत राहा. रेघ कधी वर जाईल, कधी खाली. मधेच अशी चढेल की बातमी होईल. त्यावर अकरा वर्षांची चलत सरासरी टाकलीत तर सुंदर लाटा दिसतील, जणू काही पावसाचं वीस वर्षांचं चक्र आहे. त्या लाटा पावसाने नाही, चलत सरासरीनेच तयार केलेल्या असतात. हे एकदा स्वतः बघितलं की इतरांचे आलेख वाचायची नजरच बदलते.

या प्रयोगाचं गणितही सोपं आहे. प्रमाण विचलन ५०० असेल आणि साठ वर्षं असतील, तर उताराची अनिश्चितता दर वर्षी सुमारे ३.७ मिमी येते. म्हणजे दशकाला साधारण ७५ मिमीपेक्षा कमी कल योगायोगापासून वेगळा ओळखताच येत नाही. तुमच्या फाइलमधलं प्रमाण विचलन `STDEV.S` ने काढा आणि ५०० च्या जागी घाला. उत्तर त्याच प्रमाणात बदलेल.

प्रत्यक्ष मालिकेसाठी `SLOPE` ऐवजी सेनचा उतार वापरा. कल्पना साधी आहे: शक्य त्या प्रत्येक दोन वर्षांमधला उतार काढायचा आणि त्या सगळ्यांचा मध्यक घ्यायचा. साठ वर्षांत अशा १,७७० जोड्या होतात. त्यांतल्या ज्या ५९ जोड्यांत २००५ आहे त्या कितीही टोकाच्या असल्या तरी मध्यक फारसा हलत नाही. वर्षं A2:A61 मध्ये आणि बेरजा B2:B61 मध्ये असतील तर एकाच सेलमध्ये काम होतं:

```
=MEDIAN(IF(TRANSPOSE(A2:A61)>A2:A61,(TRANSPOSE(B2:B61)-B2:B61)/(TRANSPOSE(A2:A61)-A2:A61)))
```

जुन्या एक्सेलमध्ये Enter ऐवजी Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. नाहीतर एरर येतो, किंवा भलताच आकडा येतो, आणि दुसरं जास्त वाईट.

उतार खरा मानावा की नाही, हे ठरवायला मान-केंडलची कसोटी. तीही याच जोड्यांवर चालते. प्रत्येक जोडीत नंतरचं वर्ष जास्त पावसाचं असेल तर +१, कमी असेल तर -१, आणि सगळ्यांची बेरीज:

```
=SUM(IF(TRANSPOSE(A2:A61)>A2:A61,SIGN(TRANSPOSE(B2:B61)-B2:B61),0))
```

कल नसेल तर ही बेरीज शून्याच्या आसपास राहते. साठ वर्षांसाठी तिचं प्रमाण विचलन जवळपास १५७ आहे, म्हणून बेरीज ३०८ च्या वर किंवा -३०८ च्या खाली गेली तरच ९५ टक्के विश्वासाने कल आहे असं म्हणायचं. या कसोटीत ९४४.२ चा काहीच विशेष मान नाही. २००५ इतर वर्षांपेक्षा जास्त पावसाचं होतं की कमी, एवढंच ती विचारते. वर्षांची संख्या वेगळी असेल तर १५७ ऐवजी हे घ्या, n म्हणजे वर्षं:

```
=SQRT(n*(n-1)*(2*n+5)/18)
```

हे सगळं करून झालं की सुरुवातीचं वर्ष पाच-सहा वेळा बदलून बघा. १९६०, १९६५, १९७०, असं. सेनचा उतार दर वेळी त्याच दिशेचा आणि साधारण तेवढाच राहिला तर त्यात तथ्य आहे. दिशा बदलत असेल तर तुम्हाला कल नाही, सुरुवातीचं वर्ष सापडलंय.

आणि बेरजेत काहीच कल सापडला नाही, तरी काम तिथे संपत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरच्या अतितीव्र पावसाच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस कमी होत होता. म्हणजे बेरीज आणि तीव्रता उलट दिशांना जाऊ शकतात. म्हणून वरच्या दोन्ही सूत्रांत B च्या जागी अति जोरदार दिवसांचा रकाना घालून बघा. तिथे बरीच वर्षं सारख्या संख्येची असतील, त्यामुळे कसोटी थोडी बोथट होते, तरी दिशा कळते. २०४.५ मिमीच्या दिवसांवर मात्र हे करू नका. असे दिवस एका केंद्रावर वर्षाला बहुतेकदा शून्य, एक किंवा दोन, क्वचितच त्याहून जास्त. ते दशकाच्या गठ्ठ्यात मोजा आणि सावधपणे वाचा: एका दशकात ८ आणि पुढच्यात १३ आले तरी फरक ५ चा, आणि अशा मोजण्यांत निव्वळ योगायोगाने ४-५ चा फरक पडतोच. दोन्ही संख्यांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा, फरक त्याच्या दुप्पट असेल तर बोला.

त्या ‘मध्य भारता’चा निष्कर्ष तुमच्या एका पर्जन्यमापकावर जसाच्या तसा लावता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. एवढ्या मोठ्या पट्ट्यात शेकडो ठिकाणच्या नोंदी मिळून जे दिसतं ते एका ठिकाणी गोंगाटात बुडू शकतं. खात्याचे १९०१ पासूनचे पाव अंशाच्या चौकोनांचे आकडे मिळतात आणि लांब मालिकेसाठी ते सोयीचे आहेत, पण एक चौकोन जवळपास सत्तावीस किलोमीटरचा, म्हणजे कुलाबा ते सांताक्रूझ या अंतराहूनही मोठा. त्यात आसपासच्या केंद्रांचा पाऊस पसरवून भरलेला असतो. २००५ चा दिवस तिथे शोधा, ९४४ चं टोक सपाट झालेलं दिसेल. बेरजेच्या कलासाठी ते वापरा, मोठ्या दिवसांसाठी नको.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण हे आकडे हातात आल्यावर हमखास पुढे येणारी गोष्ट म्हणजे पाणी तुंबण्याचं काय. रोजच्या बेरजेतून ते निघत नाही. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेले, ब्रिमस्टोवॅड या नाले सुधारण्याच्या प्रकल्पात ते ५० मिमीला न्यायचं ठरलं. दिवसभर संथ पडलेले २०० मिमी वाहून जातात, आणि भरतीच्या वेळी दोन तासांत पडलेले १२० मिमी हिंदमातासारखा सखल भाग पाण्याने भरतात. तुमच्या फाइलमध्ये पहिला दिवस मोठा दिसेल, दुसरा त्याच्याहून लहान. त्यासाठी पालिकेच्या स्वयंचलित केंद्रांच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी लागतात. पण त्या २००५ नंतर सुरू झालेल्या आहेत, त्यामुळे दशकांच्या कलासाठी त्या अजून पुरेशा लांब नाहीत.